जन्मवेळची चंद्रकला (पाश्चात्य ज्योतिष)

जन्माच्या वेळी चंद्र वाढत होता की कमी होत होता, आणि सूर्याच्या किती अंश पुढे होता, यावरून माणसाचा स्वभाव सांगायची एक पद्धत पाश्चात्य ज्योतिषात आहे. इथे चंद्राची रास बघत नाहीत, फक्त सूर्य-चंद्रामधलं अंतर बघतात. मुळात कल्पना जुनी आहे, दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने चंद्राच्या चार पावांना ओलसर, उष्ण, कोरडा, थंड असे गुण लावले होते. पण आज जी आठ कलांची मांडणी चालते ती प्रामुख्याने डेन रुड्यार या पॅरिसमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्योतिषाची, त्याचं यावरचं 'द लुनेशन सायकल' हे पुस्तक १९६७ चं आहे.

हिशोब सोपा आहे. मेषेच्या सुरुवातीपासून मोजलेल्या चंद्राच्या अंशांतून सूर्याचे तसेच अंश वजा करायचे, उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवायचे, आणि मग ४५-४५ अंशांचे आठ भाग. ० ते १८० वाढता चंद्र, १८० ते ३६० उतरता. आपल्याकडे तिथी याच अंतरावरून काढतात, फक्त १२ अंशांची एक तिथी, त्यामुळे शुक्ल पक्ष म्हणजे वाढता आणि कृष्ण पक्ष म्हणजे उतरता हे पंचांग बघणाऱ्याला लगेच कळतं. आणखी एक सोय म्हणजे सायन-निरयन वाद, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजायच्या की ताऱ्यांवरून हा वाद, इथे आडवा येत नाही, या दोन मोजण्यांतला फरक म्हणजे अयनांश, तो सूर्य आणि चंद्र दोघांच्या अंशांतून सारखाच वजा होतो म्हणून अंतर तेच राहतं.

रुड्यारचं म्हणणं असं की वाढत्या चंद्रावर जन्मलेला माणूस आतल्या ऊर्मीवर चालतो, आधी करतो आणि अर्थ नंतर शोधतो, काहीतरी उभं करायची त्याला घाई असते. उतरत्या चंद्रावर जन्मलेला मात्र जे घडलंय त्याचा अर्थ लावतो, तो दुसऱ्यांना देतो, आणि जे जुनं झालंय ते सोडतो. दोन अष्टम्यांजवळ तो दोन वेगळे पेच मांडतो, शुक्ल बाजूला कृतीचा पेच, म्हणजे जुनी चौकट मोडून नवीन बांधायची ओढाताण, आणि कृष्ण बाजूला जाणिवेचा पेच, जिथे बाहेरचं काम नीट चाललेलं असतं पण माणसाची आतली श्रद्धाच बदलायला लागलेली असते. हा फरक मला या सगळ्या मांडणीतला सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग वाटतो, कारण यात कुठलीच कला चांगली किंवा वाईट ठरत नाही. आपल्या जातकशास्त्रात क्षीण चंद्र पापग्रहात धरतात आणि पक्षबळ शुक्लाकडे जास्त, तसं इथे नाही.

उदाहरण म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र घेऊ, दिल्लीची. सायन गणिताने सूर्य सिंहेत २१ अंशांवर म्हणजे १४१, चंद्र कर्केत २७ अंशांवर म्हणजे ११७. ११७ वजा १४१ म्हणजे उणे २४, त्यात ३६० मिळवले की ३३६. अमावास्या दीड-दोन दिवसांवर आलेली. ३१५ च्या पुढची ही आठवी, शेवटची कला, हिला बाल्सॅमिक म्हणतात. त्या मध्यरात्री जन्मलेल्या मुलाबद्दल या पद्धतीचा ज्योतिषी सांगेल की हा एक पर्व संपवायला आलेला माणूस, एकटा राहणारा, मागचं सार गोळा करून पुढच्यांसाठी बी ठेवणारा, आणि लोकांना तो आपल्या काळाच्या जरा पुढचा वाटेल.

चूक बहुतेक वेळा पौर्णिमेपाशी होते. रुड्यारची पौर्णिमा कला १८० ला सुरू होते, त्याआधी नाही, त्यामुळे कोजागरीच्या संध्याकाळी आकाशात पूर्ण गोल चंद्र दिसत असतानाही गणिताने १७८ आले तर ते बाळ आधीच्या, म्हणजे सतत तपासून सुधारत बसणाऱ्या स्वभावाच्या कलेत जातं आणि वाढत्या चंद्राचंच धरलं जातं. म्हणून नुसतं चंद्राकडे बघून कला ठरवू नये. हे अंतर तासाला साधारण अर्धा अंश वाढतं, म्हणजे एक कला पावणेचार दिवसांच्या आसपास चालते, आणि जन्मवेळ दोन-तीन तास चुकली तरी सीमेजवळ नसेल तर काही बिघडत नाही. पण चंद्राचा वेग कमी-जास्त होतो त्यामुळे अमावास्येपासून दिवस मोजून कला काढली तर सीमेपाशी हमखास फसायला होतं, अंशच काढावे लागतात.

स्वभावाबद्दलचे हे दावे विज्ञानाच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाहीत. शॉन कार्लसनने १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या चाचणीत ज्योतिषांना एक जन्मकुंडली आणि तीन व्यक्तिमत्त्व-अहवाल दिले होते, त्यातला खरा अहवाल ओळखायचा होता, आणि त्यांची उत्तरं साधारण तीनात एकदाच बरोबर आली, म्हणजे अंदाजाने येतील तेवढीच. ती चाचणी एकट्या चंद्रकलेची नव्हती, पण तिथे तर ज्योतिषांच्या हातात अख्खी कुंडली होती.