वाटीखालचा उंचवटा : ऑसगुड-श्लाटर विकाराची पार्श्वभूमी

क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. त्यानंतर आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर या शल्यचिकित्सकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खेळकर मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली येणाऱ्या दुखऱ्या, हाडासारख्या कठीण उंचवट्याचे वर्णन केले. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या ओढीने नडगीच्या वरच्या टोकाचा तुकडा अंशतः सुटतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. साहजिकच हे मोडलेले हाड मानले गेले आणि पाय प्लास्टरमध्ये ठेवण्याची प्रथा पुढे बराच काळ चालली. हाडाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, असेही काहींचे मत होते. ते टिकले नाही.

ऑग्डेन आणि साउथविक या अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये नडगीच्या त्या भागाची वाढ तपासून ओढीच्या कल्पनेला भक्कम आधार दिला. वाटीकडून येणारा जाड पट्टा जिथे नडगीला चिकटतो, तिथे वाढीच्या वयात पक्के हाड नसून कूर्चा आणि नुकतेच बनणारे हाड असते. उंची झपाट्याने वाढताना मांडीचा स्नायू तुलनेने आखूड पडून ताठर होतो. मग प्रत्येक उडीला त्या कच्च्या जागेवर ओढ बसते, बारीक इजा होतात, आणि त्या भरून येताना जास्तीचे हाड तयार होऊन टेंगूळ दिसू लागते.

कोकणात याचे उदाहरण शोधायला खो-खोच्या मैदानापलीकडे जावे लागत नाही. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील तेरा वर्षांचा एक मुलगा वर्षभरात चांगलाच उंच झाला आहे आणि पावसाळा संपताच शालेय स्पर्धांसाठी रोज सराव करतो. खो मिळेपर्यंत गुडघे पूर्ण दुमडून बसायचे आणि क्षणात उसळून पळायचे, यात नेमकी हीच जागा ताणली जाते. तो सांगतो, की जिना चढताना आणि गुडघे टेकताना दुखते, बसून राहिले की थांबते. उंचवट्यावर बोट दाबले की दुखणे नेमके तिथेच जाणवते; सांधा मात्र सुजलेला नसतो. एवढ्यावर निदान बहुधा होते. क्ष-किरण चित्र दर वेळी लागतेच असे नाही.

अशा मुलाला आज प्लास्टर घालत नाहीत. दुखेल तेवढी बैठक आणि उड्या कमी करणे, खेळानंतर बर्फाचा शेक आणि मांडीचे स्नायू सैल करणारे व्यायाम एवढे सहसा पुरते, मात्र महिनोन्‌महिने धीर लागतो. गावाकडे अशा टेंगळावर जोरात मालीश करतात; त्याने दुखरी जागा आणखी चिडते. रात्री झोपमोड करणारे दुखणे, ताप, किंवा उडीनंतर अचानक पाय सरळ न होणे ही लक्षणे मात्र या विकाराची नव्हेत. त्यांत डॉक्टरांना लगेच दाखवावे. गुडघा दुखतो पण दाबून काही सापडत नाही, तेव्हा खुबाही तपासावा लागतो, कारण खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते.

वाढ पूर्ण होऊन हाड जुळले, की दुखणे बहुतेकांचे थांबते. उंचवटा मात्र राहतो, आणि थोड्यांना पुढेही गुडघे टेकून बसताना तो बोचतो. त्यांतील फार थोड्यांवर सुटा राहिलेला हाडाचा कण काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, तीही सहसा वाढ थांबल्यावरच.