जास्तीत जास्त k पावलांची उडी: कडाणेच्या बेरजेपासून डेकपर्यंत

प्रश्न असा आहे. आकड्यांची एक रांग दिली आहे, काही धन, काही ऋण. त्यातले काही आकडे निवडायचे, क्रम न बदलता. अट एकच: लागोपाठ निवडलेल्या दोन आकड्यांच्या इंडेक्समध्ये k पेक्षा जास्त अंतर नको. निदान एक आकडा निवडून जास्तीत जास्त किती बेरीज मिळेल? आज स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करणाऱ्याला याचं उत्तर डेकने, म्हणजे दोन्ही टोकांनी भरता-काढता येणाऱ्या रांगेने, काढतात हे पाठ असतं. पण हे उत्तर एका ठिकाणी जन्मलेलं नाही. दोन वेगळ्या कामांतून आलेले धागे इथे एकत्र गुंफले गेले आहेत.

पहिला धागा 1977 सालचा. ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनँडर चित्रांमधले नमुने ओळखण्यावर काम करत होते आणि त्यांना आकड्यांच्या चौकोनी तक्त्यातला सर्वाधिक बेरजेचा आयत हवा होता. ते फार वेळखाऊ ठरत होतं, म्हणून त्यांनी प्रश्न एका ओळीपुरता सोपा केला: सलग तुकड्याची सर्वाधिक बेरीज किती? पुढची हकिकत जॉन बेंटली यांनी 1984 मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मधल्या आपल्या सदरात सांगितली. मायकेल शॅमोस यांनी एका रात्रीत n log n वेळेची रीत काढली. नंतर कार्नेगी मेलनमधल्या एका सेमिनारमध्ये त्यांनी हा प्रश्न मांडला तेव्हा समोर बसलेले संख्याशास्त्रज्ञ जे कडाणे यांनी मिनिटाभरात एकाच फेरीत संपणारी रीत सांगितली. प्रत्येक जागी एवढंच विचारायचं: इथे संपणारी सर्वोत्तम बेरीज किती? मागची बेरीज धन असेल तर ती सोबत घ्यायची, नसेल तर इथून नव्याने सुरुवात.

कडाणेचा प्रश्न म्हणजे आपलाच प्रश्न, k = 1 असताना. उडी एकाच पावलाची असेल तर निवड सलगच राहणार. उलट k रांगेइतका मोठा असेल तर अट उरतच नाही, सगळे धन आकडे उचलले की झालं. मधल्या k साठी ‘इथे संपणारी बेरीज’ हीच कल्पना चालते; i या जागचा आकडा a[i] आणि तिथे संपणारी सर्वोत्तम बेरीज dp[i] म्हणू. फक्त आता मागच्या एका नव्हे, तर k जागांपैकी सर्वात मोठी बेरीज हवी:

```
dp[i] = a[i] + max(0, dp[i-1], ..., dp[i-k])
```

अडचण इथेच आहे. प्रत्येक जागेसाठी k घरं चाळली तर काम n गुणिले k होतं. n आणि k दोन्ही एक लाख असले तर ते काही अब्ज तुलनांवर जातं. हीपने ते n log n वर येतं, पण जुने झालेले आकडे त्यात पडून राहतात आणि ते वर आले की काढत बसावं लागतं.

दुसरा धागा चित्रांच्या फिल्टरचा. चित्रातल्या प्रत्येक बिंदूभोवतीच्या चौकटीतली सर्वात मोठी किंवा लहान किंमत काढणं हे तिथलं रोजचं काम, म्हणजे सरकत्या विंडोचा मॅक्सिमम. मागच्या k बेरजांतली सर्वात मोठी काढणं हेही तेच काम. मार्सेल व्हॅन हर्क यांनी 1992 मध्ये आणि जोसेफ गिल व मायकेल वेर्मन यांनी 1993 मध्ये यासाठी अशी रीत दिली की विंडो कितीही रुंद असो, प्रत्येक बिंदूमागे साधारण तीनच तुलना लागतात. रांगेचे विंडोएवढे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात डावीकडून आणि उजवीकडून मॅक्सिमम साठवायचा. कोणतीही विंडो जास्तीत जास्त दोन तुकड्यांवर पसरते, त्यामुळे दोन साठवलेल्या किमतींची तुलना पुरते.

ही रीत आपल्याला चालणार नाही, कारण dp च्या किमती आधीपासून हातात नसतात, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती चालते: विंडोचा मागचा भाग ज्या तुकड्यात पडतो तो तेव्हा पूर्ण झालेला असतो. पण तुकडा संपला की उलट्या दिशेने पुन्हा फिरावं लागतं. डेकमध्ये ही मागे वळण्याची गरज नाही, आणि माझ्या मते लोकांनी डेकची रीत उचलण्यामागचं मोठं कारण तेच. डॅनियल लेमिरे यांनी 2006 मध्ये सतत येणाऱ्या आकड्यांसाठी डेकमध्ये उतरत्या क्रमाने ठेवलेली रांग वापरून, प्रत्येक आकड्यामागे तीनपेक्षा जास्त तुलना न करता हे काम होतं हे दाखवलं.

डेक हा शब्द मात्र याहून जुना. डोनाल्ड कनुथ यांनी 1968 च्या आपल्या पहिल्या खंडात दोन्ही टोकांनी भरता-काढता येणाऱ्या या रांगेचं वर्णन केलं आणि शब्दाचं श्रेय ई. जे. श्वेपे यांना दिलं. पत्त्यांच्या डेकशी तिचं थोडं साम्य आहे आणि उच्चारही तसाच, असं ते सांगतात. म्हणून ‘डीक्यू’ न म्हणता डेक म्हणावं.

मूळ विचार एका वाक्याचा आहे: नंतर आलेला आणि मोठाही असलेला उमेदवार मिळाला, की आधीचा लहान उमेदवार पुन्हा कधीच जिंकू शकत नाही, कारण तो विंडोबाहेरही आधी जाणार. म्हणून त्याला मागच्या टोकाने काढून टाकायचं. उरलेली रांग आपोआप उतरती राहते आणि सर्वात मोठा उमेदवार नेहमी पुढच्या टोकाला मिळतो.

```python
from collections import deque

def best_sum(a, k):
    dp, dq = a[:], deque()
    for i in range(len(a)):
        if dq and dq[0] < i - k:
            dq.popleft()
        if dq:
            dp[i] += max(0, dp[dq[0]])
        while dq and dp[dq[-1]] <= dp[i]:
            dq.pop()
        dq.append(i)
    return max(dp)
```

रांग `[6, -4, -3, -9, 8, -2, 5]` आणि k = 2 घेऊ. पहिल्या तीन जागांच्या dp किमती 6, 2, 3. तिसऱ्या जागी 3 आला तेव्हा मागचा 2 निघून गेला, डेकमध्ये 6 आणि 3 उरले. चौथ्या जागी पोचलो तर 6 आता तीन पावलं मागे, म्हणून तो पुढून बाद. −9 + 3 = −6. पाचव्या जागी पुढे अजून 3 उभाच आहे, 8 + 3 = 11, आणि या 11 ने डेक पूर्ण रिकामा केला. मग 9, आणि शेवटी 11 + 5 = 16. निवडलेले आकडे 6, −3, 8, 5. म्हणजे −3 तोट्याचा असूनही पायरी म्हणून लागला. k = 1 असता तर याच रांगेचं उत्तर 11 आलं असतं आणि k = 4 पासून पुढे 19.

आतला `while` पाहून हे पुन्हा n गुणिले k तर नाही ना, अशी शंका येतेच. पण प्रत्येक इंडेक्स डेकमध्ये एकदाच शिरतो आणि फार तर एकदा बाहेर पडतो, तेव्हा सगळं शिरणं-निघणं मिळून 2n च्या वर जात नाही. असा एकत्रित हिशेब रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये रीतसर मांडला.

चुका ठरलेल्या जागी होतात. डेकमध्ये इंडेक्सऐवजी किंमत ठेवली तर कोण जुना झाला हे कळत नाही. `i - k` च्या जागी `i - k + 1` लिहिलं तर उडी एका पावलाने आखूड होते. उत्तर 0 पासून सुरू केलं तर सगळे आकडे ऋण असलेल्या रांगेत चुकीचा 0 मिळतो. पडताळणी या प्रश्नाच्या पूर्वजांनीच करता येते: k = 1 ला उत्तर कडाणेशी जुळायला हवं आणि k = n ला धन आकड्यांच्या बेरजेशी, धन आकडा नसेलच तर सर्वात मोठ्या आकड्याशी.

उडीच्या प्रत्येक पावलाला c इतका दंड लावला तरी डेक टिकतो. `dp[j]` ऐवजी `dp[j] + c*j` ची तुलना करायची, i चा भाग सगळ्यांना सारखाच लागतो आणि शेवटी वजा होतो. दंड अंतराच्या वर्गाइतका असेल तर मात्र i आणि j यांचा गुणाकार आत अडकतो. मग आज मागे असलेला नंतरचा उमेदवार उद्या पुढे येऊ शकतो, आणि सर्वात मोठा उमेदवार नेहमी पुढच्या टोकाला मिळेल याची खात्रीच राहत नाही.