करडं आभाळ बदलताना पानांच्या कडा का उजळतात?

पावसाळ्यात चित्रित केलेला शॉट समोर आहे असं धरू. काळ्या दगडाची तटबंदी, बाजूला वडाचं झाड, मागे पांढुरकं करडं आभाळ, आणि ते काढून तिथे दुसरं आभाळ बसवायचं आहे. या आभाळाला रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळ्या किंवा हिरव्या पडद्यासारखी रंगावरून की, म्हणजे कोणता भाग आभाळ आणि कोणता नाही हे सांगणारा मास्क, काढता येत नाही. मात्र ते फ्रेममधला सर्वांत उजळ भाग असतं, म्हणून इथे उजेडावरून, म्हणजे ल्युमा की काढतात. ओला दगड किंवा पांढरा शर्टही तितकाच उजळ असेल तर तोही कीमध्ये येतो. त्यासाठी जमिनीचा भाग आधीच ढोबळ मास्कने वगळायचा.

खरी अडचण पानांच्या कडांवर येते. तिथल्या एकेका पिक्सेलमध्ये पान आणि जुनं आभाळ मिसळलेलं असतं. पानाचा उजेड १० आणि आभाळाचा ९० मानला, तर निम्मा-निम्मा पिक्सेल ५० चा होतो. नवं आभाळ ६० चं असेल तर तिथे ३५ यायला हवेत. पण की लावून नुसतं नवं आभाळ मागे ठेवलं, तर पिक्सेलमधलं जुनं आभाळ तसंच राहतं आणि बेरीज ५५ होते. मग प्रत्येक पानाभोवती फिकट रेघ दिसते. अशा वेळी बरेच जण मास्क आत ढकलतात आणि बारीक फांद्याच गायब होतात.

त्यापेक्षा कडेच्या पट्ट्यात मूळ चित्राला जुन्या आभाळाच्या उजेडाने भागावं आणि नव्या आभाळाने गुणावं: ५० ÷ ९० × ६०, म्हणजे सुमारे ३३. हे उत्तर ३५ च्या अगदी जवळ आहे. पान जितकं गडद, तितका हा उपाय अचूक. हे गणित लिनिअर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असलेल्या मूल्यांवरच करायचं. आभाळ जळून सपाट पांढरं झालं असेल, तर भागायला खरा आकडाच उरत नाही. म्हणून चित्रीकरणातच आभाळ जळू देऊ नये.

कडा जमल्या तरी उजेड जमायला हवा. ढगाळ दिवशी प्रकाश सगळ्या आभाळातून येतो, त्यामुळे तटाला स्पष्ट सावली नसते. मागे कडक उन्हाचं निळं आभाळ टाकलं की सावली नसल्याचं लगेच खटकतं, आणि कितीही रंग फिरवला तरी ती सावली उगवत नाही. म्हणून सूर्य पातळ ढगांआड असलेलं, क्षितिजाशी फिकट होत जाणारं आभाळ निवडावं. मग दगडाचे उजळ भाग किंचित उबदार करावेत, गडद भागांत थोडा निळा द्यावा आणि कॉन्ट्रास्ट थोडाच वाढवावा. डबक्यातलं करडं प्रतिबिंबही बदलायला हवं, ते अनेकदा विसरलं जातं.

तपासायला रंग काढून चित्र कृष्णधवल करून पाहावं. क्षितिजाजवळचं आभाळ तटापेक्षा गडद दिसलं, तर आभाळाचा उजेड वाढवावा.