नंबरप्लेटवरची मोकळी जागाही वाचायची असते

फोटोतली नंबरप्लेट उतरवून घेताना आपलं सगळं लक्ष अक्षरांवर आणि आकड्यांवर असतं. पण कधी कधी खरा निकाल मधली मोकळी जागा देते.

एक जुनी, हाताने रंगवलेली प्लेट घेऊ. `MH 12` स्वच्छ दिसतंय, पुढे `B`. मग एक पुसट चिन्ह, जे 8 ही असेल किंवा B ही. त्यानंतर `34`, आणि शेवटचा आकडा चिखलाने झाकलेला. झाकलेल्या आकड्याच्या जागी `?` लिहिलं, तर ही गाडी `MH 12 B 834?` आहे की `MH 12 BB 34?` आहे? दोन्ही नंबर होऊ शकतात, कारण सिरीजचं अक्षर एकही असतं आणि दोनही. शिवाय जुन्या प्लेटांवर तीन आकडी नंबराआधी शून्य लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणजे गाड्या दोन, आणि त्यांच्यातला फरक फक्त एका मोकळ्या जागेचा.

मग ती जागा मोजायची. फोटो मोठा करा आणि पुसट चिन्हाच्या आधी किती पिक्सेल रिकामे आहेत, नंतर किती, ते पाहा. आधी नऊ आणि नंतर तीन असतील, तर चिन्ह पुढच्या आकड्यांचं आहे, म्हणजे 8. उलट असेल तर B. फोटो तिरका असेल तर लांबची बाजू आक्रसते, म्हणून तुलना लगतच्याच अंतरांशी करा. 1 च्या आजूबाजूचं अंतर मात्र पुराव्याला धरू नये. तो अंक बारीक असल्याने त्याच्या शेजारी जागा उगाच जास्त दिसते.

हे मोजमाप कुठवर चालतं? नियमाप्रमाणे मोटारीच्या प्लेटवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधलं अंतरही १० मिलिमीटर असतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या फोटोत सहा मीटर रुंदीचा रस्ता मावला असेल, तर एक पिक्सेल साधारण ३ मिलिमीटरचा, आणि रेघेला तीन पिक्सेल मिळतात. बारा मीटर मावला तर जेमतेम दीड. तिथे B आणि 8 मधला फरक विरघळतो. फोटो ताणून मोठा केला तरी कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील परत येत नाही.

ठरलेला साचा मनात धरून वाचण्यातही धोका आहे. दिल्लीच्या प्लेटवर `DL 3C` असा गट दिसतो. महाराष्ट्राची सवय असलेला माणूस त्या C चं सहज 0 करतो. भारत सिरीजची प्लेट तर `22 BH` अशी आकड्यांनीच सुरू होते. म्हणून जो गट जसा दिसेल तसाच लिहायचा. दुचाकीच्या मागच्या प्लेटवर दोन ओळी असतील तर दोन ओळीच ठेवायच्या. चिखलाखालच्या आकड्याच्या जागी `?` टाकायचं, आणि अंतर मोजूनही निकाल लागला नाही, तर `MH 12 B 834?` आणि `MH 12 BB 34?` हे दोन्ही पर्याय नोंदवायचे.