f/22 आणि किड्याचा क्लोज-अप

“छिद्र f/22 वर नेले की किडा शेंड्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट येतो, मग वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली छायाचित्रे एकत्र जोडण्याचे फोकस स्टॅकिंग कशाला?”

एकास एक मोठेपणावर, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, भिंगाचे छिद्र दुप्पट लहान असल्यासारखे वागते. म्हणजे f/22 प्रत्यक्षात f/44 ठरते आणि विवर्तनामुळे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे 0.06 मिलिमीटर पसरतो. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर हा पसारा जवळजवळ दहा पिक्सेलचा आहे, त्यामुळे डोळ्यांतील जाळी पुसली जाते. एवढे गमावूनही फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम अडीच मिलिमीटर मिळते.

खिडकीत सापडलेल्या मृत भुंगेऱ्याची खोली 6 मिलिमीटर आहे असे समजा. छिद्र f/5.6 ठेवल्यास फोकसची खोली सुमारे 0.67 मिलिमीटर मिळते; शेजारच्या छायाचित्रांत थोडा भाग सामाईक राहावा म्हणून कॅमेरा पुढे सरकवणारी रेल प्रत्येक वेळी 0.4 मिलिमीटरच सरकवावी, म्हणजे 15 सरकती आणि 16 छायाचित्रे होतात. कॅमेरा स्वतःच फोकस टप्प्याटप्प्याने बदलतो त्या फोकस ब्रॅकेटिंगमधील सरकतीचे अंक मात्र मिलिमीटर नसतात, ते चाचणी घेऊनच ठरवावे लागतात.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस मॅन्युअल ठेवावेत आणि सर्वांत जवळच्या टोकाच्या किंचित अलीकडून सुरुवात करावी. जोडलेल्या चित्रात स्पष्ट पट्ट्यांमध्ये धूसर पट्टे दिसले, तर सरकत मोठी झाली असे समजावे. मिश्या दुहेरी दिसल्या तर किडा बहुधा हललेला असतो (पंख्याची झुळूकही पुरते), आणि हा दोष सरकत कमी करून जात नाही.