लांब व्हिडिओला चॅप्टर्स कसे लावायचे: पात्रता, लागणारी माहिती आणि पायऱ्या

आमच्या देवळातल्या उत्सवाचं कीर्तन दरवर्षी यूट्यूबवर जातं. पावणेदोन-दोन तासांचा व्हिडिओ असतो आणि दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "आख्यान कुठून सुरू होतं रे?" बिचारा माणूस बोटाने लाल रेघ मागेपुढे ओढून कंटाळलेला असतो. त्या रेघेचे नावानिशी तुकडे पाडता येतात, त्यांनाच चॅप्टर्स म्हणतात. ही सोय यूट्यूबने 2020 मध्ये आणली. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. पण नियम मोजके आणि काटेकोर आहेत. त्यातला एक जरी चुकला तर यूट्यूब काही न सांगता चॅप्टर्स दाखवतच नाही.

पात्रता

सबस्क्रायबर किती असावेत अशी अट नाही. मात्र नियम मोडल्याबद्दल यूट्यूबने दिलेला इशारा, म्हणजे स्ट्राइक, चॅनलवर चालू असेल, किंवा व्हिडिओतला मजकूर काही प्रेक्षकांसाठी अयोग्य ठरवला गेला असेल, तर चॅप्टर्स मिळत नाहीत. नव्या चॅनलवाल्यांना अडचण येते ती त्याआधीच. फोन नंबरची पडताळणी झाल्याशिवाय 15 मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढवता येत नाही.

दुसरी गोष्ट हक्काची. वेळा लिहायच्या त्या व्हिडिओच्या वर्णनात, म्हणजे Description मध्ये, आणि वर्णन बदलण्याची मुभा चॅनलच्या मालकाला किंवा त्याने Manager वा Editor म्हणून नेमलेल्यालाच असते. चॅनल ट्रस्टच्या नावाने असेल आणि पासवर्ड जुन्या चिटणिसांकडे राहिला असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. पासवर्ड गावभर वाटण्यापेक्षा काम करणाऱ्याला Editor करून घेणं बरं.

काय तयार ठेवायचं

कागदपत्र म्हणाल तर एकच, वेळांचा तक्ता. तो व्हिडिओ चढवल्यानंतर, यूट्यूबवरचा व्हिडिओ समोर लावूनच करा. कॅमेऱ्यातल्या मूळ फायलीवरून केलेल्या वेळा, वर चढवताना काही कापलं असेल तर जुळत नाहीत. लाइव्ह केलं असेल तर घड्याळ थेट प्रक्षेपण सुरू झाल्यापासून धावतं. मंडळी जमेपर्यंतची रिकामी सतरंजीही त्यात आली.

संपूर्ण व्हिडिओ बसून पाहायची गरज नाही. संगणकावर L दाबलं की 10 सेकंद पुढे आणि J दाबलं की 10 सेकंद मागे जाता येतं. वेग दुप्पट ठेवायचा, बदल जाणवला की थांबायचं आणि आकडा टिपायचा. मी प्रत्येक वेळ दोन-तीन सेकंद आधीची लिहितो, नाहीतर ऐकणाऱ्याला अभंगाचा पहिला शब्द अर्धाच ऐकू येतो.

तुकडे कुठे पाडायचे हा खरा विचाराचा भाग. नारदीय कीर्तनात तो प्रश्न परंपरेनेच सोडवलेला आहे: नमन, पूर्वरंग, मध्यंतर, उत्तररंग. पूर्वरंगात तीन वेगळे दृष्टान्त आले म्हणून तीन चॅप्टर पाडावेत असं मला वाटत नाही. फोनवर नावं अर्धवट दिसतात आणि रेघेची चाळण होते.

पायऱ्या

यूट्यूब स्टुडिओत Content मध्ये जाऊन तो व्हिडिओ उघडा. लाइव्ह असेल तर तो तिथेच Live या भागात सापडेल. Details पानावरच्या Description मध्ये दोन ओळी माहिती लिहा, एक ओळ मोकळी सोडा आणि खाली तक्ता टाका. आमच्या 1 तास 52 मिनिटांच्या कीर्तनाचा असा होता:

```
0:00 पेटी-तबला जुळवणी
6:40 नमन
14:05 पूर्वरंग: अभंग आणि निरूपण
52:30 मध्यंतर: नामजप, बुक्का-हार
1:01:10 उत्तररंग: आख्यान
1:44:20 आरती
```

यात चार अटी पाळल्या आहेत. पहिली वेळ 0:00 च हवी. "सुरुवातीला काहीच नाही" म्हणून 6:40 पासून यादी सुरू केली तर चॅप्टर होत नाहीत. किमान तीन वेळा हव्यात. त्या चढत्या क्रमाने हव्यात. आणि कुठलाही तुकडा 10 सेकंदांहून लहान नको. वेळ आधी, मग मोकळी जागा, मग नाव. नाव मराठीत खुशाल लिहा, आकडे मात्र इंग्रजी आणि मधे दोन टिंबं. कितीतरी जण 6.40 लिहितात, त्याला वेळ म्हणून कोणी ओळखत नाही.

Save दाबा आणि व्हिडिओचं पान नव्याने उघडा. रेघेत बारीक फटी पडल्या आणि वेळेच्या आकड्याशेजारी भागाचं नाव आलं की काम झालं.

स्टुडिओतल्या त्याच Details पानावर Show more खाली Automatic chapters हा पर्याय आहे. "Allow automatic chapters and key moments" ला खूण असली तर काही व्हिडिओंना यूट्यूब स्वतःच तुकडे पाडून नावं देतं. तुम्ही हाताने लिहिलेली यादी नियमात बसत असेल तर तीच धरली जाते. कीर्तनासाठी मी ती खूण काढूनच ठेवतो. गाणं कुठे संपलं आणि निरूपण कुठे सुरू झालं, हे यंत्राला कळेल यावर माझा भरवसा नाही.

चॅप्टर दिसत नसतील तर

सगळं बरोबर लिहूनही एकदा आमची रेघ अखंडच राहिली. तासभर डोकं खाजवलं. शेवटी वर्णनातल्या पहिल्याच ओळीकडे लक्ष गेलं: "उत्सवाचं कीर्तन, सायंकाळी 7:30 वाजता". ते 7:30 निळं झालं होतं. यूट्यूबने कार्यक्रमाची वेळ व्हिडिओतलं साडेसातावं मिनिट समजली होती, आणि तिच्याखाली 0:00 आल्यावर चढता क्रम मोडला. तिथे "साडेसात" असं अक्षरांत लिहिलं आणि रेघेत फटी पडल्या. म्हणून तक्त्याबाहेर कुठला आकडा निळा झालाय का, ते आधी पाहा.

दुसरा घोटाळा नंतरच्या कापाकापीचा. पेटी-तबल्याची जुळवणी नको म्हणून स्टुडिओतल्या Editor या कापाकापीच्या पानावरून सुरुवातीची 6 मिनिटं 40 सेकंद काढली, तर वर्णनातले आकडे आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक वेळेतून 6:40 वजा करावे लागतात. नमन 0:00 ला येतं, पूर्वरंग 7:25, मध्यंतर 45:50, उत्तररंग 54:30 आणि आरती 1:37:40. कापलेली प्रत तयार व्हायला बराच वेळ लागतो आणि तोवर लोकांना जुनीच दिसते, त्यामुळे नवे आकडे ती बदलल्यावरच टाका.

चॅनल आपलं नसेल तर प्रतिक्रियेत वेळा लिहिता येतात. त्या निळ्या होतात, दाबल्यावर त्या जागी नेतात, पण रेघेवर चॅप्टर उमटत नाहीत. आणि एखाद्याला फक्त आख्यानच पाठवायचं असेल तर तिथे व्हिडिओ थांबवून उजवं बटण दाबा आणि "Copy video URL at current time" निवडा. लिंकच्या शेवटी सेकंद लागतात, आमच्या न कापलेल्या व्हिडिओत उत्तररंगासाठी `t=3670`.