फ्लोअरचा कंस काढला की झालं?

"⌊x⌋ > 3 असेल तर फ्लोअरचा कंस काढून थेट x > 3 लिहायचं."

⌊x⌋, म्हणजे x चा फ्लोअर, हा x एवढा किंवा त्याहून लहान असा सर्वांत मोठा पूर्णांक. वरचा नियम तपासायला x = 3.7 घालून बघा. 3.7 हा 3 पेक्षा मोठा आहे, पण ⌊3.7⌋ = 3, आणि 3 > 3 खोटं. म्हणजे 3 आणि 4 मधली सगळी पट्टी उत्तरात फुकट घुसली.

फ्लोअर नेहमी पूर्णांक देतो. 3 पेक्षा मोठा पूर्णांक म्हणजे किमान 4, म्हणून आधी ⌊x⌋ ≥ 4 लिहा. x ला 4 गाठल्याशिवाय फ्लोअर 4 होत नाही, तेव्हा उत्तर x ≥ 4. उजवीकडे 3.2 असता तरी हेच उत्तर.

गैरसमज टिकला याला कारण आहे: ⌊x⌋ ≥ 3 मध्ये कंस काढून x ≥ 3 बरोबरच येतं, आणि सीलिंग, म्हणजे x एवढा किंवा त्याहून मोठा असा सर्वांत लहान पूर्णांक, घेतला तर ⌈x⌉ > 3 मधून x > 3 सुद्धा. उजवीकडे पूर्णांक असेल तर या दोन ठिकाणी सवय खपून जाते.

ऋण संख्यांत जरा जपून. ⌊x⌋ > −3 चं उत्तर x ≥ −2. तपासायला −2.5 घ्या: फ्लोअर खाली जातो, −3 येतो, अट मोडते. नुसते दशांश छाटले तर −2 मिळेल आणि चूक दिसणारच नाही.